बोळाच्या वळणावरून किती लांब पाईप जातो? कापायच्या आधी हे गणित करून घ्या

बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग या बाजूची जुनी घरं बघितली असतील तर ही रचना डोळ्यासमोर येईलच. रस्त्यावरून आत जाणारा बोळ, बोळाच्या टोकाला काटकोनात वळण, आणि वळल्यावर अजून एक अरुंद बोळ जो थेट परड्यात निघतो. परड्यात पत्र्याचं शेड मारायचं ठरलं की पाईप याच वळणावरून न्यावा लागतो, दुसरी वाटच नसते. जीआय पाईप दुकानात ६ मीटरचा येतो, म्हणजे १९ फूट ८ इंच, बोलताना सगळे त्याला २० फुटीच म्हणतात, आणि मग बोळाच्या तोंडाशी उभं राहून वाद सुरू होतो. एक जण म्हणतो "काका, तसाच जातंय की, जरा तिरका करून घालूया", दुसरा म्हणतो दहा फुटाचे दोन तुकडे करा नि मोकळे व्हा. पण दहाचे दोन केले तर मधे जोड येतो, वेल्डिंग येतं, आणि शेडच्या आडव्या पाईपला मधोमध जोड कुणालाच नको असतो. म्हणून प्रश्न नीट विचारायचा तर असा, की अखंड पाईप जास्तीत जास्त किती लांबीचा ठेवता येईल जो या वळणावरून नक्की जाईल.

याचं उत्तर टेप, मोबाईलचा कॅल्क्युलेटर आणि सेकंड पीयूसीला शिकतो तेवढं डेरिव्हेटिव्ह यांच्यावर निघतं. डेरिव्हेटिव्ह विसरला असाल तरी चालेल, शेवटचं सूत्र तयारच मिळणार आहे, पण ते कुठून आलं हे एकदा बघा, कारण सूत्र कुठं लागू होतं आणि कुठं नाही हे त्यातूनच कळतं.

आधी माप घ्या, आणि नीट घ्या

मी इथं एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. रस्त्याकडून येणारा बोळ ६ फूट रुंद, वळल्यानंतरचा बोळ ४ फूट रुंद, वळण काटकोनात. पहिल्याला a म्हणूया, दुसऱ्याला b.

रुंदी मोजायची ती भिंतीपासून भिंतीपर्यंत नव्हे, मोकळ्या जागेची. भिंतीला लागून सांडपाण्याचा पाईप उतरलेला असतो, कुठं लाईटच्या मीटरची पेटी बाहेर आलेली असते, कुठं पायरी असते. पाईप कमरेच्या उंचीवरून नेणार असाल तर पायरी आड येत नाही पण मीटरची पेटी येते, म्हणजे ज्या उंचीवरून नेणार त्याच उंचीवर टेप धरायचा. आणि फक्त कोपऱ्याजवळ मोजून भागत नाही. वळताना पाईपची टोकं बाहेरच्या भिंतींना घासत लांबपर्यंत जातात, त्यामुळं कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना साधारण पाईपच्या लांबीइतकं अंतर तीन-चार ठिकाणी मोजायचं आणि त्यातलं सगळ्यात कमी माप धरायचं. जुन्या दगडी भिंतींना पोट आलेलं असतं, एकाच बोळात चार इंचाचा फरक सहज निघतो.

काटकोन खरंच काटकोन आहे का हेही बघून घ्या. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटाला खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटाला खूण, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर काटकोन. गवंडी लोक रोज हेच करतात. हे मोजायचं बाहेरच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथं बोळाच्या दोन बाहेरच्या भिंती आत मिळतात तिथं. ५ फुटापेक्षा कमी भरलं तर कोपरा आवळलेला आहे, आणि मग काय होतं ते पुढं सांगतो, तिथं बरंच नुकसान होतं.

आता पाईप वळणात अडकवून बघा, मनात

पाईप वळणात आहे अशी कल्पना करा. एक टोक पहिल्या बोळाच्या बाहेरच्या भिंतीला टेकलंय, दुसरं टोक दुसऱ्या बोळाच्या बाहेरच्या भिंतीला टेकलंय, आणि मधे कुठंतरी पाईप आतल्या कोपऱ्याला, म्हणजे आत आलेल्या धारेला, चिकटलाय. ही झाली पूर्ण घट्ट बसलेली अवस्था. पहिल्या बोळाच्या बाहेरच्या भिंतीशी पाईपचा जो कोन होतो त्याला θ म्हणूया.

आतल्या धारेमुळं पाईपचे दोन भाग पडतात. पहिल्या बोळातला भाग ६ फुटाची रुंदी तिरका पार करतो, म्हणून त्याची लांबी a भागिले साइन θ. दुसऱ्या बोळाच्या भिंतीशी कोन ९० वजा θ होतो, म्हणून तिथल्या भागाची लांबी b भागिले कॉस θ. दोन्हींची बेरीज:

```
L = a/sinθ + b/cosθ
```

या L चा अर्थ नीट समजून घ्या. L म्हणजे पाईप θ कोनात असताना त्या वळणात जास्तीत जास्त किती लांबी मावते. आपल्या ६ आणि ४ च्या बोळासाठी वेगवेगळ्या कोनांना काय येतं बघा:

```
θ     L (फूट)
30    16.62
35    15.34
40    14.56
45    14.14
50    14.06
55    14.30
60    14.93
```

नवीन माणूस चुकतो तो बरोबर इथंच. आपल्याला सगळ्यात लांब पाईप हवाय, म्हणजे L चं सगळ्यात मोठं मूल्य शोधायचं असं वाटतं, आणि मग कुणीतरी ३० अंशाला १६.६२ येतंय म्हणून साडेसोळा फुटाचा पाईप कापून मोकळा होतो. पण पाईप नुसता ३० अंशात बसवून ठेवायचा नाहीये, त्याला वळायचंय. पहिल्या बोळात शिरताना तो भिंतीला समांतर असतो म्हणजे कोन शून्य, आणि दुसऱ्या बोळातून निघताना कोन ९०, मधला प्रत्येक कोन त्याला पार करावाच लागतो, एकही गाळता येत नाही. उसानं भरलेली ट्रॉली कारखान्याला नेताना वाटेत रेल्वेचे तीन पूल लागत असतील तर ऊस किती उंच रचायचा हे सगळ्यात ठेंगणा पूल ठरवतो, बाकीचे दोन कितीही उंच असले तरी उपयोग नाही, इथं तोच प्रकार आहे. प्रत्येक कोन म्हणजे एक पूल, आणि L म्हणजे त्या कोनाला मिळणारी जागा. म्हणून जाऊ शकणारा सगळ्यात लांब पाईप म्हणजे L चं सगळ्यात लहान मूल्य.

हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की उरलेलं काम नुसतं हिशोबाचं आहे. परीक्षेत सुद्धा पोरं डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतात आणि मग "मॅक्सिमम लेंग्थ" विचारलीय आणि आपलं तर मिनिमम आलंय म्हणून घाबरून उत्तर खोडतात. खोडू नका, मिनिममच पाहिजे.

सगळ्यात अडचणीचा कोन काढा

वरच्या आकड्यांवरून दिसतंयच की ४५ आणि ५५ च्या मधे कुठंतरी L सगळ्यात कमी आहे. नेमकं कुठं ते काढायला डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्य धरायचं:

```
dL/dθ = -a cosθ/sin²θ + b sinθ/cos²θ = 0
```

यातल्या दोन पदांकडं जरा थांबून बघा. कोन वाढवत गेलो की पहिल्या बोळातला भाग आखूड होत जातो, ते उणे चिन्हाचं पद, आणि दुसऱ्या बोळातला भाग लांबत जातो, ते अधिकचं पद. सुरुवातीला घट जास्त असते म्हणून एकूण L खाली येतं, शेवटी वाढ जास्त असते म्हणून L वर जातं, आणि ज्या कोनाला घट आणि वाढ सारखी होते तिथंच तळ. दोन्ही पदं आमनेसामने ठेवून गुणाकार केला की:

```
b sin³θ = a cos³θ
tan³θ = a/b
```

θ शून्यापासून ९० पर्यंत जाताना टॅन सारखा वाढतच जातो, त्यामुळं असा कोन एकच मिळतो, दोन तळ असण्याची भानगड नाही. आणि दोन्ही टोकांना, म्हणजे शून्याजवळ आणि ९० जवळ, L अनंताकडं पळतं, म्हणून हा एकमेव बिंदू तळच आहे, दुसरं डेरिव्हेटिव्ह काढत बसायची गरज नाही.

आपल्या उदाहरणात a/b म्हणजे ६/४ म्हणजे १.५. त्याचं घनमूळ १.१४४७, आणि ज्याचा टॅन १.१४४७ आहे तो कोन ४८.८६ अंश. म्हणजे रुंद बोळाच्या भिंतीशी ४५ पेक्षा जरा जास्त. आठवणीत ठेवायला सोपं असं, की खरी अडचण येते तेव्हा पाईप अरुंद बोळाच्या दिशेनं थोडा जास्त वळलेला असतो.

सूत्र

कोन मिळाल्यावर तो परत L मध्ये टाकून उत्तर काढता येतं, पण थेट सूत्र निघतं आणि ते फार सुंदर निघतं. टॅन θ म्हणजे a चं घनमूळ भागिले b चं घनमूळ. म्हणून एक काटकोन त्रिकोण काढा, समोरची बाजू a चं घनमूळ, लगतची बाजू b चं घनमूळ. कर्णाला H म्हणूया. पायथागोरसनं H² म्हणजे a^(2/3) + b^(2/3). आता साइन θ म्हणजे a^(1/3) भागिले H, म्हणून a/sinθ झालं a^(2/3) गुणिले H. तसंच b/cosθ झालं b^(2/3) गुणिले H. दोन्हींची बेरीज केली की कंसात परत H² च आलं, म्हणजे सगळं मिळून H³:

```
L = (a^(2/3) + b^(2/3))^(3/2)
```

६ चा २/३ घात ३.३०१९, ४ चा २/३ घात २.५१९८, बेरीज ५.८२१७. तिचा ३/२ घात म्हणजे ५.८२१७ गुणिले त्याचंच वर्गमूळ २.४१२८, आलं १४.०४७ फूट. म्हणजे १४ फूट आणि वर अर्धा इंच, सुतात सांगायचं तर साडेचार सूत.

दोन्ही बोळ सारख्याच रुंदीचे असतील तर इतकंही नको, रुंदीला २.८३ नं गुणा, झालं. ४ फुटाचे दोन्ही बोळ असतील तर ११ फूट ४ इंचाच्या आत.

कोन काढायचा कंटाळा करून सरळ ४५ धरून चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. रुंदी जवळपास असेल तर फरक थोडाच पडतो, आपल्या उदाहरणात ४५ धरून १४.१४ येतं, खऱ्या उत्तरापेक्षा जेमतेम सव्वा इंच जास्त. पण एक बोळ ८ फूट आणि दुसरा ३ फूट असेल तर ४५ धरून १५.५६ येतं आणि खरं उत्तर १४.९९ आहे, जवळजवळ सात इंचाचा फरक, आणि तोही चुकीच्या बाजूला, म्हणजे पाईप लांब राहणार आणि अडकणार. ४५ धरल्यावर उत्तर कधीच कमी येत नाही, बरोबर तरी येतं नाहीतर जास्त, म्हणून तो शॉर्टकट धोक्याचा.

पण यातून एक कामाची गोष्ट मिळते. ४५ ला L असतं रुंदींच्या बेरजेच्या १.४१४ पट. आणि पाईप कुठंही तिरका असला तरी त्याचे दोन भाग मिळून a आणि b च्या बेरजेपेक्षा जास्तच भरणार. म्हणजे बरोबर उत्तर नेहमी बेरीज आणि बेरजेची १.४१४ पट यांच्या मधे असतं. आपल्या बोळाला १० आणि १४.१४ च्या मधे. उत्तर याच्या बाहेर गेलं की समजायचं कॅल्क्युलेटरवर काहीतरी घोळ झालाय. दोन घोळ नेहमीचे आहेत. पहिला, घाताला कंस न देणं, 6^(2/3) ऐवजी 6^2/3 टाईप केलं की कॅल्क्युलेटर ३६ ला ३ नं भागून १२ देतो आणि पुढं सगळं हजारात जातं, ते लगेच दिसतं. दुसरा घोळ लपून बसतो, कॅल्क्युलेटर अंशाऐवजी रेडियनवर असतो. तसं असेल तर 48.86 चा साइन चक्क उणे येतो, आणि ते चिन्ह नजरेतून सुटलं तर L १८.२ फूट निघतं, जे ऐकायला खरं वाटतं. वरची मर्यादा माहीत असली की १८ बघितल्या बघितल्या मोड तपासावासा वाटतो.

ज्यांना सूत्रावर विश्वास बसत नाही त्यांनी पुठ्ठ्यावर बोळ काढून बघा, एका फुटाला एक इंच धरून, ६ इंचाचा एक पट्टा आणि ४ इंचाचा दुसरा, काटकोनात. झाडूची एक सरळ हीर १४ इंचाची तोडा, आणि एक साडेचौदाची. चौदाची हीर दोन्ही बाहेरच्या रेघा न ओलांडता वळणातून घासून निघते, साडेचौदाची ४० अंशापर्यंत आरामात येते आणि मग आतल्या धारेला अडते, कितीही फिरवा. तेवढं एकदा हातानं केलं की L चा तळ म्हणजे काय हे कायमचं कळतं, पोरांना शिकवताना मी तरी हेच आधी करायला लावेन.

पाईपला जाडी असते

आत्तापर्यंत पाईप म्हणजे नुसती रेघ धरली होती. खऱ्या पाईपचा बाहेरचा अंग बाहेरच्या भिंतींना लागतो आणि आतला अंग धारेला, मधे जाडी जागा खाते. जाडी t असेल तर L मधून एवढं वजा होतं:

```
t (tanθ + 1/tanθ)
```

४५ अंशाला कंसातली बेरीज बरोबर २ येते आणि आसपास ती फारशी बदलत नाही, आपल्या ४८.८६ ला २.०२. म्हणून साधा नियम असा लक्षात ठेवा, की जाडीच्या दुप्पट वजा करायचं. दोन इंची जीआय पाईप बाहेरून मोजला तर ६० मिलिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ २.४ इंच, दुप्पट केलं की ४.८ इंच. १४ फूट अर्ध्या इंचातून ते गेले की राहिलं १३ फूट ८ इंचाच्या जरा आत.

शिडीला हा हिशोब फारच लागतो. १५ इंच रुंदीची शिडी आडवी, पसरट धरून वळवायला गेलात तर अडीच फूट वजा होतात, साडेअकरा फुटाच्या वरची शिडी जाणारच नाही. तीच शिडी कडेवर उभी धरली तर जाडी फक्त दांड्याची, समजा ३ इंच, आणि साडेतेरा फुटापर्यंतची जाते. पकड बदलली तेवढ्यानं दोन फूट मिळाले.

आणि हाताची जागा सोडा. बोटं पाईपच्या बाहेरून असतात, टोकाजवळ धरलं तर बोटं भिंत आणि पाईप यांच्यात चिरडतात. टोकापासून दोन-तीन फूट आत धरा, वळणावर एका माणसानं धारेजवळ उभं राहून पाईप आतल्या बाजूला दाबत नेला पाहिजे, पुढच्या माणसानं उगाच ओढायचं नाही. मी या बोळासाठी पाईप १३ फुटाला कापायला सांगेन. उरलेला तुकडा ६ फूट ८ इंचाचा, तो शेडच्या उभ्या खांबाला लागतो, वाया जात नाही.

कोपरा तिरका असेल तर

आपल्याकडच्या गल्ल्या आखून पाडलेल्या नाहीत, जागा जशी मिळाली तशी भिंत उठली, त्यामुळं ३-४-५ चं माप घेतल्यावर काटकोन निघाला नाही तर आश्चर्य नाही. बाहेरच्या कोपऱ्यातला कोन ८० अंश असेल तर पाईपचे दोन्ही भिंतींशी होणारे कोन मिळून ९० न होता १०० होतात, आणि सूत्र असं बदलतं:

```
L = a/sinθ + b/sin(100-θ)
```

याला वरच्यासारखं सुटसुटीत उत्तर नाही. एकेक अंश घालून बघायचं, दहा मिनिटांचं काम आहे. ६ आणि ४ च्या बोळाला तळ ५४ अंशाच्या आसपास लागतो आणि L येतं जेमतेम १३ फूट. म्हणजे कोपरा दहा अंशांनी आवळला की एका फुटाच्या वर लांबी गेली. बोळ पाव इंचापर्यंत मोजणारे लोक कोपरा मात्र नजरेनं काटकोन धरतात, आणि पाईप अडकला की बोळाला दोष देतात. ३ आणि ४ फुटांच्या खुणांमधलं अंतर ५ फुटाऐवजी ४ फूट ७ इंच भरत असेल तर तुमचा कोपरा ८० च्या जवळ आहे. उलट कोपरा ९० पेक्षा मोठा, पसरट असेल तर फायदाच आहे, काटकोनाचं सूत्र वापरलं तरी पाईप जाईल, थोडी लांबी हातची सुटेल एवढंच.

आतली धार तासून गोल केलेली असेल तर तेवढी जागा वाढते, तो हिशोबात न धरलेला फायदा समजा.

पाईप वर उचलून नेला तर

हा प्रश्न येतोच, आणि तो बरोबर आहे. वरचं सगळं गणित पाईप जमिनीला समांतर धरून केलंय. एक टोक वर उचललं की जमिनीवर पडणारी त्याची सावली आखूड होते, आणि वळणावर सावलीच मावायला लागते. सावली १३.६५ फूट चालते, एक टोक दुसऱ्यापेक्षा ६ फूट वर ठेवलं तर पायथागोरसनं पाईपची लांबी १४.९ फूट झाली. बोळावर ९ फुटावर स्लॅब असेल आणि स्लॅबपासून फरशीपर्यंत सगळी उंची वापरली तर १६ फूट ४ इंच, पण तिथं पाईप इतका तिरका धरून वळवणं दोघांचं काम नाही, तीन माणसं पाहिजेत.

अखंड २० फुटी न्यायचा असेल तर एक टोक १४ फूट वर जायला लागतं. उघड्या बोळात गणितानं ते बसतं. पण आपल्या बोळांवरून घराघराला लाईटची सर्व्हिस वायर गेलेली असते, कुठं दहा फुटावर, कुठं बारा, जुन्या वायरचं वरचं आवरण उन्हानं तडकलेलं असतं, आणि हातात लोखंडी पाईप. गणितानं जातो म्हणून असं करू नका. बोळावर वायर असेल तर पाईप आडवाच न्यायचा आणि आडव्याचंच माप धरायचं, हे मी अगदी हट्टानं सांगतो.

उलटा हिशोब, घर बांधणाऱ्यांसाठी

सूत्र उलटं फिरवता येतं. पाईपची लांबी ठरलेली आहे, एक बोळ ठरलेला आहे, तर दुसरा किती रुंद ठेवायला लागेल?

```
b = (L^(2/3) - a^(2/3))^(3/2)
```

इथं L मध्ये जाडीची दुप्पट आधी मिळवून घ्यायची. ६ मीटरचा दोन इंची पाईप म्हणजे १९.६९ फूट, त्यात ०.४ मिळवले की २०.०८. पहिला बोळ ६ फूट. मग २०.०८ चा २/३ घात ७.३८८, त्यातून ३.३०२ गेले की ४.०८६, त्याचा ३/२ घात ८.२६. म्हणजे आतला बोळ ४ फुटाच्या जागी ८ फूट सव्वातीन इंच सोडला तर अखंड पाईप आडवा, न कापता परड्यात जातो. दोन्ही सारखेच ठेवायचे असतील तर प्रत्येकी ७ फूट सव्वा इंच लागतात, म्हणजे एकूण जागा साधारण तेवढीच, फक्त वाटणी वेगळी. खानापूर रोडच्या बाजूला किंवा गावाबाहेर नव्या प्लॉटवर कंपाउंड घालत असाल आणि मागं कधीतरी बोअरवेलचे पाईप, शेडचं सामान न्यायला लागणार हे माहीत असेल, तर हा आकडा पायाची रेघ मारायच्या आधी काढून मिस्त्रीच्या हातात द्या, आणि कोपऱ्याला ३-४-५ तुमच्यासमोर लावायला सांगा.